सातच्या आत बाहेर

भिवंडीच्या गोदामातून क्रॉफर्ड मार्केटपर्यंतचं अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री रस्ता मोकळा असला तर भरलेला ट्रक ते दीड तासात कापतो. तरीही या एका खेपेसाठी गाडी आणि ड्रायव्हर पंधरा-सोळा तास अडकून पडतात, आणि डाव चुकला तर छत्तीस. हा वेळ रस्त्यावर जात नाही. तो जातो वाट पाहण्यात: आधी हद्द उघडण्याची, मग शटर उघडण्याची, मग हातगाडी रिकामी होण्याची. शहरांनी अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच प्रवेश द्यावा हे धोरण आता सर्वत्र रूढ झालं आहे. त्याचा हिशेब मात्र बहुतेक वेळा वाहतूक कोंडीच्या बाजूनं मांडला जातो. इथे तो माल नेणाऱ्याच्या बाजूनं मांडून पाहू, आणि उदाहरण मुंबईचंच घेऊ.

आधी नियम कुठून येतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम ११५ नुसार राज्य सरकार, किंवा सरकारनं अधिकार दिलेली यंत्रणा, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या भागात, एखाद्या रस्त्यावर विशिष्ट प्रकारच्या वाहनांना बंदी घालू शकते किंवा वेळेचं बंधन घालू शकते. बंधन एक महिन्यापेक्षा जास्त राहणार असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. त्याहून कमी असेल तर स्थानिक पातळीवर जाहीर केलं की पुरे. गणेशोत्सव, विसर्जन, पुलाचं काम, एखादी मोठी सभा अशा निमित्तानं अचानक येणाऱ्या बंद्या या दुसऱ्या प्रकारातल्या असतात. कायमच्या वेळा पाठ असलेला ड्रायव्हरही त्यांच्यात सापडतो.

मुंबईत २०२५ च्या सुरुवातीला वाहतूक पोलिसांनी काढलेल्या आदेशानुसार दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना सकाळी ७ ते मध्यरात्री १२ प्रवेश नाही. उरलेल्या शहरात बंदी सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ अशी गर्दीच्या वेळेपुरती आहे. भाजीपाला, दूध, पाव, पाण्याचे टँकर, पेट्रोल-डिझेल, रुग्णवाहिका यांसारख्या गरजेच्या वाहनांना सूट आहे. म्हणजे कागदावर दक्षिण मुंबईतल्या व्यापाऱ्याला रोज सात तासांची खिडकी मिळते. सात तास कमी नाहीत, असं कुणालाही वाटेल.

इथे पहिली अडचण अशी की ट्रक एकाच शहरातून जात नाही. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, मुलुंडचा नाका ओलांडला की मुंबईचं आयुक्तालय सुरू होतं, आणि माल वाशीच्या बाजूनं आला तर मध्ये नवी मुंबईचं तिसरं. प्रत्येक आयुक्तालय आपल्या हद्दीतली कोंडी पाहून आपल्या वेळा ठरवतं. मुंबई रात्री नऊनंतर उपनगर उघडते, पण त्याच वेळी ठाण्याच्या हद्दीत माजिवड्याकडे जाणारा रस्ता जड गाड्यांना बंद असेल तर मुंबईच्या खिडकीचा काहीच उपयोग नाही. उलट ठाण्यानं दुपारी चार तास दिले आणि ट्रक दोनला मुलुंडला पोचला, तर दक्षिण मुंबईसाठी त्याला मध्यरात्रीपर्यंत कुठेतरी उभं राहावं लागतं. म्हणून वाहतूकदाराला उपयोगी पडणारी वेळ ही दोन्ही हद्दींच्या वेळा एकमेकींवर ठेवल्यावर जो सामाईक तुकडा उरतो तेवढीच असते, आणि तो तुकडा कुठल्याही एका आदेशात लिहिलेला नसतो.

दुसरी अडचण कोणती गाडी 'अवजड' याची. कायद्यात एकूण भारित वजन, म्हणजे गाडी आणि तिच्यात कमाल परवानगी असलेला माल मिळून होणारं वजन, साडेसात टनांपर्यंत असेल तर ती हलकी, बारा टनांच्या वर अवजड, आणि मधली मध्यम. हे वजन आरसी पुस्तकात नोंदलेलं असतं आणि त्यावरच गाडीचा वर्ग ठरतो. त्या दिवशी आत किती माल आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. माल उतरवून परत निघालेला रिकामा ट्रकही नियमासाठी अवजडच राहतो. पण ही कायद्यातली विभागणी आहे. शहराचा आदेश कधी वजन सांगतो, कधी चाकं मोजतो, कधी सहा चाकांच्या मालवाहू गाड्या सरसकट धरतो. त्यामुळे दहा-अकरा टनांची आयशर एका शहरात दिवसा बिनधास्त फिरते आणि शेजारच्या शहरात अडवली जाते. नवीन मार्गावर पहिली खेप करताना बातमीवर न विसंबता मूळ आदेशातली व्याख्या वाचून घ्यावी, असं जुने वाहतूकदार सांगतात ते याचसाठी.

आता एक खेप पूर्ण चालवून पाहू. अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या परिसरातल्या एका कागद-स्टेशनरीच्या व्यापाऱ्याला नऊ टन माल हवा आहे. झेरॉक्सच्या कागदाचा खोका, म्हणजे दहा रिमांचा, साधारण पंचवीस किलो भरतो. नऊ टन म्हणजे ३६० खोके. गाडी सोळा टन पासिंगची, म्हणजे निःसंशय अवजड. गोदामात संध्याकाळी सहाला भरणं सुरू होतं, आठ-साडेआठला ताडपत्री बांधून होते. ठाण्याची वेळ धरून गाडी साडेदहाच्या सुमारास मानकोलीहून निघते, खारेगाव, माजिवडा करत अकरा-साडेअकराला मुलुंडला लागते आणि पूर्व द्रुतगती मार्गानं शीवच्या दिशेनं येते. ईस्टर्न फ्रीवे जड मालवाहू गाड्यांसाठी नाही, म्हणून खालचाच रस्ता. बारानंतर दक्षिण मुंबईच्या हद्दीत शिरून ती साडेबारा-एकला क्रॉफर्ड मार्केटजवळ पोचते.

इथवर सगळं सुरळीत. आता गाडी मोठ्या रस्त्यावर उभी आहे, कारण दुकानाच्या गल्लीत ती वळतच नाही. माल हातगाडीनं आत न्यायचा. एका हातगाडीवर पंधरा खोके बसतात, म्हणून ३६० खोक्यांच्या २४ खेपा. गाडीतून उतरवणं, दोनशे मीटर ढकलणं, दुकानात थप्पी लावणं आणि रिकामी हातगाडी परत आणणं याला पंधरा मिनिटं लागतात असं धरू. दोन हातगाड्या असतील तर बारा फेऱ्या, म्हणजे तीन तास. सातच्या आत हद्दीबाहेर पडायचं तर सव्वासहाला फाळका लागायला हवा, कारण सहानंतर दुधाच्या गाड्या, बेस्टच्या बस आणि शाळेची वाहनं रस्त्यावर येतात. म्हणजे उतरवणं उशिरात उशिरा सव्वातीनला सुरू झालं पाहिजे.

आणि शटर? दुकान उघडतं दहाला. शेठ पहाटे तीनला येणार नाहीत, हे उघड आहे. दिवाणजी पाचच्या लोकलनं येतील, हमालांची टोळीही तेव्हाच जमेल, असं ठरलं तर काय होतं पाहा. पाच ते सव्वासहा म्हणजे सव्वा तास. त्यात दोन हातगाड्यांच्या मिळून दहा खेपा, १५० खोके. उरलेले २१० खोके गाडीतच. आता ड्रायव्हरपुढे दोनच वाटा राहतात. निम्म्याहून जास्त माल घेऊन परत बाहेर जायचं, किंवा सातनंतर आतच थांबायचं. थांबला तर गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही. अवजड गाड्यांनी स्वतःच्या, भाड्याच्या किंवा अधिकृत सशुल्क जागेतच उभं राहावं अशी अट आहे, आणि त्या भागात सोळा टनी गाडीला जागा मिळणं जवळपास अशक्य. शिवाय उभी राहिली तरी बाहेर निघता येतं ते पुन्हा रात्री बारानंतरच. वाहतुकीच्या बोलीत याला गाडी 'खोटी' झाली म्हणतात, आणि एका रात्रीची खोटी म्हणजे पुढच्या दिवसाचं भाडं बुडालं.

सात तासांची खिडकी प्रत्यक्षात कशी आक्रसते हे या हिशेबावरून दिसतं. येण्याचा अर्धा-पाऊण तास आणि जाण्याचा पाऊण तास वजा केला तर साडेपाच तास उरतात, आणि त्यातले किती कामी येतात ते शटर कधी उघडतं यावर ठरतं. पोलिसांनी उद्या बंदी एक तासानं सैल केली तरी शटर पाचलाच उघडणार असेल तर या व्यापाऱ्याला त्याचा फायदा अगदी थोडा. उलट त्यानं रात्री दोनला दुकानाची किल्ली घेऊन एक माणूस ठेवला, किंवा दोनऐवजी पाच हातगाड्या लावल्या, तर नियम तोच राहून खेप सुटते. पाच हातगाड्यांना पाच फेऱ्या, म्हणजे सव्वा तास पुरतो. ज्यांची ही लाइन रोजची आहे ते म्हणूनच भाडं ठरवताना किलोमीटरच्या आधी विचारतात की माल उतरवून कोण घेणार आणि किती वाजता. उतरवणं सुरू झाल्यावरही अंदाज ठेवता येतो. सव्वातीनला सुरुवात झाली आणि पावणेपाचला निम्मे, म्हणजे १८० खोके खाली नसतील, तर काम सव्वासहाला आटोपणार नाही. तिसरी हातगाडी बोलवायची ती तेव्हाच. साडेपाचला बोलवून उपयोग नसतो.

हमालीचा प्रश्न याला जोडूनच येतो. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. नोंदणीकृत बाजारांत माल चढवणं-उतरवणं माथाडी मंडळाच्या टोळ्यांकडे असतं आणि त्याची मजुरी मंडळामार्फत जाते. रात्री काम हवं तर टोळीशी आधी ठरवावं लागतं, दरही वेगळा पडतो. व्यापाऱ्याला तो दर जड वाटतो, पण गाडी खोटी होण्याच्या खर्चाशी तुलना केली तर बहुतेक वेळा तोच स्वस्त ठरतो. फरक इतकाच की हमाली व्यापाऱ्याच्या खिशातून जाते आणि खोटी गाडीमालकाच्या. जो खर्च दुसऱ्याचा आहे तो वाचवायची घाई कुणाला नसते. म्हणून 'ठरलेल्या वेळेनंतर दर तासाला इतकं' अशी हाल्टिंगची अट बिल्टीवरच लिहून घेणं हा या व्यवहारातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे.

कागदांचाही एक सापळा आहे. राज्यांतर्गत वाहतुकीत महाराष्ट्रात एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. साध्या मालासाठी दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, आणि हा दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत मोजला जातो. सोमवारी रात्री पावणेबाराला काढलेलं बिल मंगळवारी मध्यरात्री संपतं. तेच सोमवारची मध्यरात्र उलटून पाच मिनिटांनी काढलं तर बुधवारी मध्यरात्रीपर्यंत चालतं. पंचेचाळीस किलोमीटरला एक दिवस भरपूर, असं समजून बिल संध्याकाळीच काढलं आणि गाडी आत अडकली, तर मंगळवारी रात्री बाराला जेव्हा ती उरलेला माल घेऊन निघते तेव्हाच बिलाची मुदत संपलेली असते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, पण त्यासाठी कुणीतरी जागं आणि लॉगिनसमोर असावं लागतं.

एवढी यातायात टाळायची तर दुसरा मार्ग माल लहान गाड्यांत फोडण्याचा, आणि बहुतेकांनी तोच धरला आहे. टाटा एस २००५ साली बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' म्हणून घरोघरी पोचली, त्यामागे शहरांच्या नो एन्ट्रीचाही वाटा आहे. पाऊण टन माल, पावणेचार मीटर लांबी, गल्लीत वळते, दिवसा फिरते. दीड टन नेणाऱ्या पिकअप गाड्या तिच्या एक पायरी वर. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो. त्यामुळे या गाड्यांना चालक मिळणं आणि अपघातात विम्याचा दावा टिकणं, दोन्ही सोपं झालं. माल एका ट्रकमधून अनेक लहान गाड्यांत टाकायचा असेल तर ई-वे बिलाच्या पोर्टलवर 'मल्टी व्हेइकल'ची सोय आहे. प्रत्येक गाडीत किती माल गेला ते तिथे नोंदवावं लागतं. ते न करता नुसत्या जुन्या बिलाच्या प्रती वाटल्या तर तपासणीत गाडी अडते.

आता शहराच्या बाजूनं हिशेब करा. आपले ३६० खोके पिकअपनं आणायचे तर सहा गाड्या लागतात, छोट्या हत्तीनं आणायचे तर बारा. सोळा टनी ट्रक साधारण आठ मीटर रस्ता व्यापतो. सहा पिकअप मिळून तीस मीटर, बारा छोटे हत्ती पंचेचाळीस मीटर. त्यातही ट्रक हा रस्ता रात्री दोनला अडवतो, तर पिकअप सकाळी अकराला, जेव्हा त्याच रस्त्यावर ग्राहक, बस आणि टॅक्सी असतात. भिवंडीहून दिवसा एका बाजूला दोन-अडीच तास, उतरवायला तासभर आणि परत तेवढाच वेळ, म्हणजे एक पिकअप दिवसात एकच खेप धड करते. बंदीनं जड गाडी हटते, माल हटत नाही. तो जास्त गाड्यांत, जास्त इंजिनांत, जास्त ड्रायव्हरांत वाटला जातो आणि दिवसाच्या रस्त्यावर येतो. ट्रक कमी झाले म्हणून शहर खूश होतं, आणि दुपारी अब्दुल रेहमान स्ट्रीटवर टेम्पोंची रांग का लागते याचं कोडं त्याला सुटत नाही.

दंडाचा भाग थोडक्यात. कलम ११५ चा भंग हा जादा मालाच्या गुन्ह्याबरोबर कलम १९४ मध्ये येतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यातला दंड २०,००० रुपये आहे. दिल्लीत नो एन्ट्रीत सापडलेल्या ट्रकवर हेच कलम लागतं. तडजोडीची रक्कम राज्यं आपापली ठरवतात. ई-चलान गाडीमालकाच्या नावे निघतं, पण बऱ्याच ठिकाणी ते ड्रायव्हरच्या पगारातून कापलं जातं, मग उशीर शटरमुळे झालेला असो की हमालांमुळे. ज्याच्या हातात शटरही नाही आणि टोळीही नाही, तोच सातच्या घड्याळाचा धनी होतो.

बाहेरच्या शहरांचे अनुभव दोन दिशांना आहेत. मनिलात फेब्रुवारी २०१४ मध्ये ट्रकांवर दिवसाची बंदी वाढवली तेव्हा रस्ते सुटले, पण बंदरात कंटेनर इतके साचले की सप्टेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. लंडनमध्ये १९८० च्या दशकापासून उलटा नियम आहे. तिथे अठरा टनांवरच्या गाड्यांना बऱ्याच रस्त्यांवर रात्री आणि शनिवार-रविवारी मनाई आहे, कारण तिथे शहरानं झोपेला आधी मोजलं. आपल्याकडे काळबादेवी-भुलेश्वरच्या पेढ्यांवरच्या मजल्यांत लोक राहतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि फाळका आपटण्याचा एकच आवाज ती ओलांडतो. सगळा माल रात्री ढकलला तर त्याचा त्रास या घरांना होणार, ही गोष्ट आपल्या आदेशांत कुठे दिसत नाही. दिल्लीनं २०२१ मध्ये तिसरी वाट घेतली. विजेवर चालणाऱ्या हलक्या मालगाड्यांना तिथे नो एन्ट्रीच्या वेळेतून सूट दिली. धूर आणि आवाजाचं त्यामुळे भागतं, पण सहा पिकअप विजेच्या केल्या तरी रस्ता तीस मीटरच अडतो.

या सगळ्याचा निष्कर्ष बंदी उठवा असा नाही. सकाळी नऊला मोहम्मद अली रोडवर सोळा टनी ट्रक नकोच. पण वेळेची बंदी हे अर्धंच धोरण आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुणीच हातात घेतलेला नाही. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तीन आयुक्तालयांनी एकत्र बसून मार्गावार एकच वेळापत्रक काढावं, म्हणजे भिवंडीहून निघालेल्या गाडीची खिडकी मध्येच मिटणार नाही. महापालिकेनं घाऊक बाजारांच्या तोंडाशी रात्री बारा ते सात फक्त माल उतरवण्यासाठी राखीव जागा आखाव्यात आणि त्यांतून पार्किंग हटवावं. आणि व्यापारी संघटनांनी रस्त्यावार एक सामाईक रात्रपाळी लावावी: एक किल्लीदार, एक टोळी, दहा दुकानं. पहिली दोन कामं सरकारची आहेत, त्यांना वर्षं लागतील. तिसऱ्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही, ते पुढच्या महिन्यापासूनही सुरू होऊ शकतं. ज्या बाजाराला ट्रक परवडायला हवा आहे, त्याला पहाटे तीनला शटर उघडावंच लागेल.